जखमेतून ‘सुटका’ होत नाही: इंग्रजी-मराठी कोशातली नोंद कशी वाचायची

प्रश्न: एका रुग्णालयाच्या सूचनापत्रकाचं मराठी करतोय. ‘डिस्चार्ज’ला कोशात सुटका, मुक्तता, स्राव, विसर्ग, फेड असे दहाबारा शब्द दिलेत. मध्येच आकडे, ‘ना.’, ‘स. क्रि.’, कंसात आणखी काहीबाही. यातला बरोबर शब्द ओळखायचा कसा? का सरळ पहिला घ्यायचा?

पहिला घेऊ नका. अर्थांना क्रमांक देण्याची पद्धत प्रत्येक कोशाची वेगळी असते. कुणी शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आधी देतो, कुणी आज सगळ्यात जास्त चालणारा. तुमच्या कोशात कोणती पद्धत आहे ते प्रस्तावनेत लिहिलेलं असतं, आणि प्रस्तावना कुणी वाचत नाही. त्यामुळे एक नंबरचा अर्थ म्हणजे ‘खरा’ अर्थ, असा समज घट्ट बसलेला आहे.

मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठी भाषांतर करून पोट भरते. त्यातलं निम्मं काम दवाखान्यांचं आणि आरोग्याच्या पत्रकांचं. नवीन मुलं कामाला येतात तेव्हा त्यांचं अडतं ते शब्द निवडताना नाही, त्याच्या एक पायरी आधी. मूळ वाक्यात त्या शब्दाचा अर्थ काय हे ठरवायच्या आत कोश उघडलेला असतो. मग समोर बारा शब्द येतात आणि कानाला बरा वाटेल तो उचलला जातो. नोंदीतले ते आकडे, कंस आणि तुटक अक्षरं असतात ती बारातले दहा शब्द झटकन बाजूला काढता यावेत म्हणून. मराठी शब्द वाचायचे सगळ्यात शेवटी.

तुमच्याच शब्दावर करून बघू. खालची नोंद कुठल्याही एका कोशातली नाही. अशा नोंदी जशा असतात तशी, सोयीसाठी मी जुळवली आहे:

डिस्चार्ज: स. क्रि. १ (माल, प्रवासी) उतरवणे. २ (बंदूक, तोफ) झाडणे, डागणे. ३ (रुग्णाला) घरी सोडणे; (कैद्याला) मुक्त करणे; (नोकरीतून) कमी करणे, सेवामुक्त करणे. ४ (औप.) (कर्तव्य) पार पाडणे; (कर्ज) फेडणे. ५ (कायदा) (आरोपीला) दोषमुक्त करणे. अ. क्रि. १ (जखम इ.) वाहणे. २ (नदी) जाऊन मिळणे. ना. १ सुटका, मुक्तता. २ (वैद्यक) स्राव. ३ (जलशास्त्र) विसर्ग. ४ (कर्जाची) फेड.

आधी विरामचिन्हं. आकडा बदलला की अर्थ बदलला. अर्धविराम आला की अर्थ तोच, पण प्रसंग वेगळा: रुग्णाला सोडणं आणि कैद्याला सोडणं एकाच आकड्याखाली आहेत, तरी एकाचा शब्द दुसऱ्याला चालत नाही. स्वल्पविरामाच्या दोन बाजूंचे शब्द मात्र जवळजवळ सारखे असतात, तिथे तुम्हाला थोडी मोकळीक आहे. बहुतेक कोश असेच चालतात. स्वस्तातले काही कोश सगळीकडे नुसते स्वल्पविराम देतात, आकडे देतच नाहीत. तसा कोश हातात असेल तर भाषांतरासाठी तो बाजूला ठेवा. शब्दांचा ढीग आणि नोंद यात फरक असतो.

मग कंस. गोंधळ इथे जास्त होतो, कारण कंस दोन तऱ्हेचे असतात. ‘(कर्ज) फेडणे’ यातला कंस सांगतो की हा मराठी शब्द कशाच्या जोडीने येतो. ‘(कायदा)’, ‘(वैद्यक)’, ‘(औप.)’ म्हणजे औपचारिक, हे कंस सांगतात की हा अर्थ कुठल्या वर्तुळातला आहे. पहिल्या तऱ्हेचा कंस तुमच्या वाक्यावर ठेवून बघता येतो. वाक्यात डिस्चार्ज केली जाणारी गोष्ट कर्ज आहे का, बंदूक आहे का, रुग्ण आहे का? जुळलं की आकडा सापडला.

आता व्याकरणाची खूण: ‘ना.’ म्हणजे नाम, ‘स. क्रि.’ म्हणजे सकर्मक क्रियापद, ‘अ. क्रि.’ म्हणजे अकर्मक क्रियापद. ‘डॉक्टरांनी रुग्णाला डिस्चार्ज केलं’ यात कर्म आहे, म्हणून ‘स. क्रि.’खाली बघायचं. इंग्रजी वाक्यात जखमच कर्ता असेल, ती ‘डिस्चार्ज करते आहे’ असं म्हटलेलं असेल आणि पुढे कर्म नसेल, तर ‘अ. क्रि.’खाली. तिथे दोनच अर्थ आहेत, जखम आणि नदी. एका खुणेने नोंदीचा मोठा भाग कटला. पत्रकांत मात्र हा शब्द बहुतेकदा नाम म्हणून येतो, आणि तुमचं वाक्य साधारण असं असणार: डिस्चार्जनंतर जखमेतून काही डिस्चार्ज होत असेल तर ताबडतोब वॉर्डला कळवा. एकाच वाक्यात एकच शब्द दोनदा, दोन्ही वेळा नाम, अर्थ वेगवेगळे. इथे व्याकरणाची खूण तुम्हाला ‘ना.’पर्यंत आणून सोडते आणि पुढे गप्प बसते.

इंग्रजी शब्दयोगी शब्दावरून अंदाज बांधावा, तर ‘फ्रॉम’ दोन्हीकडे चालतो: रुग्णालयातून डिस्चार्ज, जखमेतून डिस्चार्ज. म्हणून ‘फ्रॉम’च्या पुढचं नाम बघायचं. रुग्णालयातून बाहेर पडतो तो माणूस, तेव्हा ना. १. जखमेतून बाहेर पडतो तो पदार्थ, तेव्हा ना. २. वाक्यातल्या दुसऱ्या ‘डिस्चार्ज’ला ‘जखमेतून’ चिकटलेलं आहे, पहिल्याला काहीच चिकटलेलं नाही, फक्त ‘नंतर’ आहे. एखादी घटना घडून गेल्यानंतर, म्हणजे माणूस बाहेर पडल्यानंतर. आता ना. १ आणि ना. २ असे दोन आकडे हातात आले. कोश उघडून ठेवला असला तरी इथपर्यंत आपण एकही मराठी शब्द निवडलेला नाही.

हा शब्द इतक्या दिशांना कसा पांगला, हे एकदा कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. ‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडीवर लादलेला भार, आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे तो भार उतरवणं. जहाजावरचा माल उतरतो, बंदुकीत भरलेला बार सुटतो, बॅटरीत भरलेली वीज उतरते, डोक्यावरचं कर्ज उतरतं, अंगावरची जबाबदारी पार पडते. रुग्णालयही एका माणसाची जबाबदारी उतरवतं. मराठीत या सगळ्याला एक ‘उतरणे’ पुरत नाही, म्हणून कोशकाराला आकडे द्यावे लागले.

आता मराठी शब्द. ना. १ला नोंद म्हणते ‘सुटका, मुक्तता’. रुग्णालयाच्या पत्रकात ‘सुटकेनंतर’ लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुरुंगाचं दार येईल. स. क्रि. ३मध्ये अर्धविरामाने रुग्ण आणि कैदी वेगळे केले होते, नामाच्या नोंदीत ते काम राहून गेलंय. कोशात हे नेहमी होतं. क्रियापदाची नोंद भरगच्च असते आणि नामाची दोन शब्दांत आटोपलेली. म्हणून नाम शोधत असलात तरी क्रियापदाची नोंद वाचाच. आपल्याला लागतो तो ‘घरी सोडणे’ तिथेच मिळतो.

मूळ शब्द नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, असा नियम नाही. ‘ना.’ ही खूण इंग्रजी शब्दाबद्दल आहे. ती अर्थ शोधण्यापुरती वापरायची आणि सोडून द्यायची. इंग्रजी जिथे नाम ठेवतं तिथे मराठी पुष्कळदा क्रियापदाने बोलतं. ‘घरी सोडल्यावर’ हे ‘गृहप्रेषणोत्तर’पेक्षा कधीही बरं. हसू नका, हा दुसरा शब्द मी एका छापील पत्रकात पाहिलेला आहे.

वर्तुळाच्या खुणांबद्दल, म्हणजे ‘औप.’, ‘कायदा’, ‘बोली’, ‘जुना’ यांबद्दल, एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्रजी-मराठी कोशात ही खूण इंग्रजी शब्दाच्या वापराची असते. पुढे दिलेला मराठी शब्द त्याच वजनाचा असेलच असं नाही. स. क्रि. ४ बघा. कर्तव्य ‘डिस्चार्ज’ करणं हे इंग्रजीत औपचारिक आहे, पण ‘पार पाडणे’ आपण लग्नकार्याबद्दलही बोलतो. आणि उलट बाजू: जखमेतला डिस्चार्ज इंग्रजीत नर्सही म्हणते, रुग्णही म्हणतो. ‘स्राव’ मात्र मराठीत रुग्ण म्हणत नाही. कोशाने त्या शब्दाला ‘पुस्तकी’ अशी खूण लावलेली नाही, कारण मराठी शब्दाचं वजन सांगणं हे त्या कोशाचं काम नव्हतं. तो इंग्रजी समजून घेण्यासाठी केलेला असतो आणि आपण तो मराठी लिहिण्यासाठी वापरतो.

याची किंमत मी मोजलेली आहे. कामाला लागून तीनचार वर्षं झाली असतील. एका संस्थेसाठी बायकांच्या आरोग्याचं पत्रक केलं होतं. इंग्रजीत पांढऱ्या डिस्चार्जबद्दल एक परिच्छेद होता. मी कोश बघितला, ‘(वैद्यक)’ ही खूण बघितली, आणि समाधानाने ‘योनिमार्गातून होणारा श्वेतस्राव’ लिहून टाकलं. अर्थ बरोबर, आकडा बरोबर. छापण्याआधी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पत्रक वाचून दाखवायला गेलो. पंधराएक बायका बसल्या होत्या, त्या वाक्याला सगळ्या शांत. शेवटी आशाताईंनी माझ्या हातातला कागद घेतला, एकदा मनात वाचला आणि म्हणाल्या, “अंगावरून पांढरं जातंय का, असं विचारतायत त्या.” त्याबरोबर चार जणी एकदम बोलायला लागल्या.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. त्यात इंग्रजी शब्दाखाली मी अवयव लिहिते, कारण कोश जिथे एकटा ‘स्राव’ देतो तिथे मराठी बोलणारा माणूस प्रत्येक जागेला वेगळं बोलतो. कान वाहतो किंवा कान फुटतो. नाक गळतं, वाहतं. डोळ्यांना चिपडं येतात, डोळे चिकटतात. जखमेतून पू येतो, पाणी येतं, लस येते. आणि बायकांच्या बाबतीत ‘अंगावरून जाणं’. यात ‘पांढरं’ किंवा ‘लाल’ हा शब्द गाळायचा नाही, कारण ‘अंगावरून वारं जाणं’ म्हणजे पक्षाघात. इतक्या जवळजवळ दोन वेगळे आजार बसलेत.

आता तुमच्या जखमेकडे. ‘जखमेतून पू येत असेल तर’ असं लिहिण्याचा मोह होईल, कारण वाक्य एकदम मराठी वाटतं. पण थांबा. डिस्चार्जमध्ये पू येतो तसं नुसतं पाणी येतं, रक्तही येतं. तुम्ही ‘पू’ लिहिलंत आणि रुग्णाच्या टाक्यांतून पाणी झिरपत असलं तर तो म्हणेल, पू कुठाय, आणि कळवणार नाही. कोशातला शब्द पुस्तकी असला तरी तो पुरेसा रुंद होता. आपण बोलीतला शब्द घेतला आणि अर्थ अरुंद करून बसलो. अशा वेळी दोनतीन नेहमीचे शब्द एकत्र ठेवून ती रुंदी भरून काढावी लागते: ‘पाणी, पू किंवा रक्त असं काहीही’. त्यातही पहिल्या एकदोन दिवसांत थोडं पाणी येणं डॉक्टर कदाचित चालवून घेत असतील. मूळ पत्रकाला तेही कळवायला हवंय का, हे कोश सांगू शकत नाही. पत्रक लिहिणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करा. मी असे फोन दर कामाला दोनतीन तरी करते.

निवडलेला मराठी शब्द तपासायची एक सोपी रीत म्हणजे उलट्या कोशात तो शोधणं. मराठी-इंग्रजीत मी अजूनही मोल्सवर्थ उघडते. त्याची पहिली आवृत्ती 1831ची, वाढवलेली दुसरी 1857ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. तिथे मुख्य शब्द मराठी असल्यामुळे खुणाही मराठी शब्दाच्या असतात, आणि नामाचं लिंग दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोशात लिंग बहुधा नसतं, आणि अनोळखी संस्कृत शब्द घेतला की विशेषण कुठलं लावायचं इथपासून अडतं.

उदाहरणाला ‘विसर्ग’ घ्या. ना. ३चा हा शब्द आपल्याला पावसाळ्यात रोज भेटतो: धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू. बातमीत तो अगदी पक्का बसलाय. उलट्या कोशात गेलात तर सोडून देणं, टाकणं आणि व्याकरणातली ती दोन टिंबं असे अर्थ हाती लागतात, जखमेची वाट सापडत नाही. परतीच्या रस्त्यावर तुमचा अर्थ भेटला नाही, तर शब्द एकतर दुसऱ्या क्षेत्रातला आहे किंवा त्याची खूण वाचायची राहिली आहे.

मोल्सवर्थ वापरताना दोन गोष्टींनी लोक फसतात. शब्दापुढे कंसात ‘एस’, ‘पी’, ‘ए’ अशी रोमन अक्षरं दिसतात. ती शब्द कुठून आला ते सांगतात, म्हणजे संस्कृत, फारसी, अरबी. फारसी म्हणजे बोलीतला आणि संस्कृत म्हणजे शिष्ट, असं त्यातून काढू नका. ‘जखम’ फारसीतून आली आहे आणि सरकारी अहवालातही चालते. दुसरं म्हणजे तिथे क्रियापदं जुन्या पद्धतीने शेवटी अनुस्वार देऊन छापलेली आहेत: ‘सोडणें’, ‘फेडणें’. हे अनुस्वार 1962च्या लेखननियमांनी गेले. त्यामुळे ‘सोडणे’ टंकून काही मिळालं नाही तर शब्द कोशात नाही असं समजू नका, अनुस्वार देऊन बघा. आणि कोश दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा शब्द होता का आणि काय अर्थाने होता एवढंच तो सांगेल. आज तो कुणाच्या तोंडी आहे हे तुम्हालाच बघावं लागेल.

यातलं बरंचसं वाचणारा कोण यावर अवलंबून आहे, हे कबूल केलंच पाहिजे. हेच वाक्य नर्सच्या नोंदपत्रकात असतं तर मी ‘स्राव’ बिनधास्त ठेवला असता. एका शब्दात रकाना भरतो आणि वाचणाऱ्याला तो शिकवलेला असतो. कोर्टाचं कागदपत्र असतं तर बोलीचा प्रश्नच नव्हता. तिथे भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश काय म्हणतो ते बघायचं आणि तोच शब्द शेवटपर्यंत ठेवायचा. कारण खटला चालण्याआधीच आरोपीला ‘दोषमुक्त’ करणं वेगळं आणि खटला चालवून ‘निर्दोष’ सोडणं वेगळं. नोंदीत ‘(कायदा)’ अशी खूण दिसली की मी समजते, इथे समानार्थी शब्द खेळवायचे नाहीत.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: “घरी गेल्यावर जखमेतून पाणी, पू किंवा रक्त असं काहीही येत असेल, तर लगेच वॉर्डला कळवा.” कोशाच्या नामाच्या नोंदीतला एकही शब्द यात नाही, पण कोशाशिवाय हे वाक्य झालं नसतं. ‘घरी गेल्यावर’ला एक अडचण आहे. काही रुग्णांना इथून दुसऱ्या रुग्णालयात पाठवत असतील तर ते चुकीचं ठरेल. तिथे ‘डिस्चार्ज मिळाल्यावर’ लिहा. हा शब्द आता घराघरांत आहे, ‘बाबांना उद्या डिस्चार्ज मिळतोय’ असं आपणच म्हणतो. फक्त तो तिथे एकदाच येऊ द्या, जखमेपाशी नको.

पत्रकात पुढे बहुधा ‘ड्रेन’ येईल, ऑपरेशननंतर पोटात ठेवतात ती नळी. कोश उघडलात तर पहिला अर्थ गटार, मोरी असा निघेल. वैद्यकाची खूण पुढे कुठेतरी असेल किंवा नसेलही. त्या वॉर्डातल्या मावशी तिला काय म्हणतात ते विचारा. मी काम करते त्या दवाखान्यात सगळे ‘ड्रेनची नळी’ म्हणतात, आणि मी तेच लिहिते.